लग्नात बदललेलं पहिलं नाव सरकारी कागदांवर कसं आणायचं

लग्नानंतर आडनाव बदललं की विवाह नोंदणीचा दाखला दाखवायचा आणि काम होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पहिलं नावही बदललं असेल तर तो दाखला पुरत नाही, हे मात्र खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळतं. दाखल्यावरून एवढंच सिद्ध होतं की मृणाल पाटणकर हिचं लग्न निखिल दामले याच्याशी झालं. म्हणून ‘मृणाल दामले’ व्हायला तो चालतो. ‘गौरी दामले’ व्हायला चालत नाही, कारण त्या कागदावर गौरी कुठेच नसते. पुढचं सगळं लिहिलंय ते ही एक फट बुजवण्यासाठी. मी फॉर्म भरून देण्याचं काम करते आणि नावबदलात अडकलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात, त्यामुळे कोणता कागद कुठे अडतो हे रोजच्या पाहण्यातलं आहे.

तबकातलं नाव

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत, विशेषतः ब्राह्मण आणि सारस्वत घरांत, माप ओलांडून सून आत आली की लक्ष्मीपूजन होतं आणि त्यातच नाव ठेवतात. तबकात किंवा ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं, मग ते मोठ्याने सांगायचं आणि पेढे किंवा साखर वाटायची. हल्ली हॉल रात्री रिकामा करायचा असतो म्हणून हा विधी अनेकदा तिथेच, जेवणं आटोपल्यावर उरकतात. सिंधी कुटुंबांतही सुनेचं पहिलं नाव बदलण्याची चाल आहे.

प्रथा किती सरसकट होती हे ओळखीच्या नावांवरून दिसतं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना, कुर्लेकरांच्या. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांचं नाव आनंदीबाई झालं. त्या काळी मुलीच्या नावाचा कागदच नसायचा, त्यामुळे नाव बदललं म्हणून काही अडत नव्हतं. आज लग्नाच्या दिवशी मुलीच्या नावावर दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँक खातं, पीएफ आणि बऱ्याचदा पासपोर्टही असतो.

आधी ठरवा: नाव घरात राहणार की कागदावर जाणार

हे दोघांनी लग्नाआधीच ठरवावं, आणि शक्यतो सासूबाईंनाही तेव्हाच सांगून टाकावं. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, पहिलं नाव तर नाहीच. तबकात ‘गौरी’ लिहावं, घरात सगळ्यांनी गौरी म्हणावं आणि कागदोपत्री मृणाल विजय पाटणकरच राहावं, यात बेकायदा असं काही नाही. माझं मत विचाराल तर नोकरी करणाऱ्या किंवा पुढे परदेशी जायचा विचार असलेल्या मुलीने हाच मार्ग धरावा. हौस पुरी होते आणि खेटे वाचतात.

पण मग एक पथ्य पाळावं लागतं. घरातलं नाव कुठल्याही अर्ध्या-सरकारी कागदावर चुकूनही जाऊ द्यायचं नाही. सगळा घोळ इथे होतो. विम्याच्या पॉलिसीत नवरा वारस म्हणून ‘गौरी’ लिहून येतो. फ्लॅट घेताना करारनाम्यात सासरे हौसेने नवं नाव घालायला सांगतात. आणि सर्वात वाईट म्हणजे बाळंतपण. बाई आत असते, दवाखान्यातला जन्माचा फॉर्म बाहेर आजी किंवा आत्या भरून देतात आणि आईच्या नावापुढे ‘गौरी निखिल दामले’ लिहितात. तो फॉर्म नगरपालिकेत जातो आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर अशी आई येते, जिच्या नावाचा एकही कागद नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. म्हणजे आईच्या नावातली चूक आता थेट मुलाच्या नावात जाऊन बसते. त्यामुळे दवाखान्याच्या फाइलवर पहिल्याच तपासणीच्या दिवशी आधारवरचं नाव लिहून घ्यावं.

आणखी दोन ठिकाणी लग्नाच्या आठवड्यातच ठेच लागते. एक, आहेराचे चेक. पाहुणे प्रेमाने नव्या नावाचा चेक देतात आणि तो जुन्या नावाच्या खात्यात जमा होत नाही. दोन, मधुचंद्राची तिकिटं. विमानाचं तिकीट ओळखपत्रावरच्या नावाने काढायचं, परदेशी जायचं तर पासपोर्टवरच्या. तबकातल्या नावाने काढलं की विमानतळावर मनस्ताप ठरलेला.

तिसराही पर्याय असतो, तो म्हणजे पहिलं नाव तेच ठेवायचं आणि मधलं नाव व आडनाव बदलायचं. त्याला विवाह नोंदणीचा दाखला साधारणपणे पुरतो. ज्यांना फक्त आधारवर नवऱ्याचं नाव दिसायला हवं असतं, त्यांच्यासाठी तर त्याहून सोपी सोय आहे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘केअर ऑफ’ म्हणून नवऱ्याचं नाव घालता येतं. तो पत्त्याचा भाग असल्याने नावाला हात लागत नाही.

यापुढचं सगळं ज्यांनी पहिलं नावही कागदावर आणायचं ठरवलंय त्यांच्यासाठी. उदाहरणाला आपली काल्पनिक मृणाल घेऊ: माहेर सातारा, नोकरी पुण्यात, ‘मृणाल विजय पाटणकर’ची ‘गौरी निखिल दामले’ व्हायचंय.

पहिली पायरी: विवाह नोंदणी, जुन्याच नावाने

महाराष्ट्रात ही नोंदणी 1998 च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. अर्ज म्हणजे नमुना ‘ड’ मधलं ज्ञापन. त्यावर नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. मिळतो तो दाखला नमुना ‘इ’ मध्ये असतो. लग्नापासून 90 दिवसांत गेलं तर उशिराचा भुर्दंड पडत नाही. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच कोऱ्या फॉर्मवर न घेता भरलेल्या फॉर्मवर घ्यावी. नंतर त्यांना गाठणं अवघड, आणि रिकाम्या फॉर्मवर सही करायला चांगले गुरुजी तयारही होत नाहीत.

वधूचं नाव लिहिताना घरचे ‘आता ती गौरीच आहे ना’ म्हणून नवं नाव घालायला सांगतात. तसं करू नये. सोबत जोडलेले दाखले मृणालचे आहेत, तेव्हा अर्जावर मृणाल विजय पाटणकरच हवं, तेही दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचून घ्या: दोघांच्या नावांतली अक्षरं, लग्नाची तारीख, लग्नाचं ठिकाण आणि इंग्रजी स्पेलिंग. नोंदवहीत चूक असेल तर त्याच दिवशी ती सुधारणं सोपं असतं.

दुसरी पायरी: राजपत्र

ज्याला सगळे ‘गॅझेट’ म्हणतात ते म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र. नावबदलाच्या सूचना त्याच्या भाग दोन मध्ये दर आठवड्याला छापून येतात. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या dgps.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. जुनं नाव, नवं नाव, पत्ता, बदलाचं कारण, फोटो आणि सही, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा. कारण लग्न असल्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला. शुल्क ऑनलाइनच भरलं जातं. एजंट बरेच पैसे मागतात, पण ज्याला रेल्वेचं तिकीट काढता येतं त्याला हा अर्ज भरता येतो.

खरी काळजी दोन रकान्यांची. ‘जुनं नाव’ या रकान्यात कोणतं लिहायचं? समजा मृणालच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर MRUNAL आहे आणि पॅनवर MRINAL. अशा वेळी दहावीचं धरावं. कारण पॅन तर आपण बदलणारच आहोत, दहावीचा कागद मात्र जन्मभर जुन्याच नावाचा राहणार, आणि उद्या कोणी जुनं-नवं जुळवून पाहील तेव्हा तो त्याच्याशीच जुळवेल. आधारवरचं स्पेलिंगही दहावीपेक्षा वेगळं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं.

नव्या नावाचं स्पेलिंग तर घरात कागदावर लिहून, दोघांनी पाहून मगच भरावं. GAURI की GOURI, नवऱ्याच्या नावात NIKHIL की NIKHEEL, DAMLE की DAMALE. नवऱ्याचं नाव त्याच्या आधारवर आणि पासपोर्टवर जसं आहे तसंच हवं. छापून आल्यावर एका अक्षरासाठी पुन्हा अर्ज करत बसावं लागतं, आणि तोवर पुढचं सगळं खोळंबतं.

छापून आलेलं पान डाउनलोड करून ठेवायचं. आपल्या नावाची सूचना ज्या पानावर आहे ते पान, आणि अंकाचं पहिलं पान, ज्यावर तारीख व अंकाचा क्रमांक असतो, ही दोन्ही हवीत. नुसतं मधलं पान नेलं तर ‘कुठल्या गॅझेटचं आहे हे?’ असा प्रश्न येतो आणि तो रास्तच आहे.

राजपत्राबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं सरकारने तपासून नाव मंजूर केलं. तसं नाही. सूचना अर्जदाराच्या सांगण्यावरून छापल्या आहेत, मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही, अशा अर्थाची टीप तिथेच छापलेली असते. राजपत्र ही फक्त जाहीर घोषणा आहे. म्हणूनच कुठेही नुसतं राजपत्र न नेता सोबत विवाहाचा दाखला आणि जुन्या नावाचा एखादा कागद न्यावा. तिन्ही एकत्र दिसले की समोरच्याला सगळी साखळी कळते.

गोव्यात वेगळी व्यवस्था आहे. तिथे नावबदलासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे जन्मनोंद गोव्याची आणि सासर पुण्याचं असेल तर कुठला मार्ग लागू होतो हे जन्मनोंद जिथे आहे तिथल्या निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

तिसरी पायरी: आधार, आणि तेही एकाच फेरीत

या लेखातली सर्वात महाग पडणारी चूक इथे होते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर महिनाभरात बाई विवाहाच्या दाखल्यावर ‘मृणाल निखिल दामले’ करून घेते, कारण ते लगेच होतं. एक संधी गेली. मग राजपत्र आल्यावर ‘गौरी निखिल दामले’ करते. दुसरीही गेली. त्यात ऑपरेटरने स्पेलिंग चुकवलं किंवा काही वर्षांनी काही कारणाने जुन्या नावावर परत जायचं ठरलं, तर तिसऱ्या वेळी राजपत्र घेऊन प्रादेशिक कार्यालयाकडे खास विनंती करावी लागते, कारणं द्यावी लागतात आणि वाट बघावी लागते.

म्हणून राजपत्र हातात येईपर्यंत आधारला हात लावू नका. आणि आधार बदलेपर्यंत पॅनलाही लावू नका. पहिलं नाव पूर्ण बदलत असेल तर आधार केंद्रात राजपत्रासोबत जुन्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र मागतात. पॅन आधी बदललं तर दाखवायला जुनं ओळखपत्रच उरत नाही. हा क्रम उलटा केल्यामुळे अडकलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. पॅन नवं, आधार जुनं, आणि दोघांना जोडणारा फोटोचा कागद कुठेच नाही.

केंद्रात मूळ कागद न्यायचे, ते तिथेच स्कॅन करून परत देतात. भरून झाल्यावर ऑपरेटर पडद्यावर नाव दाखवतो आणि पावती छापतो. पावतीवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं असतात. मराठी नाव यंत्र आपोआप लिहितं, त्यामुळे ‘दामले’चं ‘डामले’ होऊ शकतं. इंग्रजी बघून सही करणारे नव्वद टक्के लोक मराठी ओळ वाचतच नाहीत, असं गमतीने म्हणायला हरकत नाही. सही करण्याआधी दोन्ही ओळी अक्षर लावून वाचाव्यात, कारण ही फेरी मोजली जाणार आहे.

पत्ताही सासरचा करायचा असेल तर तो याच फेरीत करून घ्यावा.

पॅन, बँक आणि पगार

आधार नव्या नावाने आलं की पॅनचा दुरुस्ती अर्ज करायचा. पॅनचा नंबर बदलत नाही, फक्त नाव बदलतं, हे आवर्जून सांगते कारण काही जणी नवा पॅन काढायला निघतात. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणं बेकायदा आहे आणि त्याला दंड आहे. दुसरी गोष्ट वडिलांच्या नावाच्या रकान्याची. पॅनवर विवाहित बाईच्याही वडिलांचंच नाव राहतं, तिथे नवऱ्याचं नाव घालायचं नसतं. नव्या कार्डावर ‘GAURI NIKHIL DAMLE’ आणि खाली ‘VIJAY PATANKAR’ दिसलं तर ते बरोबर आहे.

आधार आणि पॅन दोन्ही जुळल्यावरच बँकेत जा. बँकेत खातं तेच राहतं, नाव आणि सही बदलते. नव्या नावाने सही कशी करायची हे आधी घरी ठरवून दहा-वीस वेळा गिरवावं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण नमुना सहीच्या कार्डावर पहिल्यांदाच केलेली सही पुढे चेकवर तशीच जमत नाही. मुदत ठेवी, लॉकर आणि वारस नोंद यांचं बँकेत वेगळं विचारावं लागतं, खात्यावरचं नाव बदललं म्हणून ते आपोआप बदलतातच असं नाही. बँकेने प्रतिज्ञापत्र मागितलं तर ते मुद्रांकावर असतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. हे माहीत नसल्याने लोक विनाकारण स्टॅम्प विकत घेतात.

नोकरी असेल तर पीएफ विसरू नका. कंपनीच्या एचआरने पगारपत्रकावर नाव बदललं म्हणजे पीएफमध्ये बदललं असं नसतं. तिथे नाव आधारशी जुळतं का हे पाहिलं जातं, आणि पूर्ण नाव बदलल्यास सदस्य पोर्टलवरून वेगळी दुरुस्ती करावी लागते. जुळत नसेल तर पैसे काढायच्या वेळी, म्हणजे नेमकी गरज असताना, दावा परत येतो.

मतदारयादीसाठी नमुना 8 भरायचा. नावातली दुरुस्ती आणि पत्ता बदल दोन्हीला तोच चालतो. रेशनकार्डासाठी आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी करून तसा दाखला घ्यायचा, मग सासरच्या कार्डात घालायचं. सरकारी योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्यामुळे ‘लाडकी बहीण’सारख्या योजनेचा अर्ज नावबदलाच्या अधल्यामधल्या काळात भरताना आधारवर त्या दिवशी जे नाव असेल तेच लिहावं, मनातलं नाही.

पासपोर्ट

पासपोर्टमध्ये दुरुस्ती होत नाही, नवा पासपोर्ट निघतो. अर्जात ‘री-इश्यू’ निवडायचं आणि तपशील बदलल्याचं कारण द्यायचं. पहिलं नाव बदललेलं असल्याने राजपत्र लागतं आणि नव्या नावाची आधार-पॅन ही ओळखपत्रं सोबत असली की मुलाखत सोपी जाते. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात. त्यावर एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर तो टाकून देऊ नका, आणि नाव बदलल्यावर तो चालेल की नवा घ्यावा लागेल हे त्या देशाच्या दूतावासाच्या सूचनांत पाहा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात पूर्वी वापरलेली नावं विचारतात. तिथे माहेरचं नाव प्रामाणिकपणे लिहायचं. शिकागो किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी मुली नाव कागदावर नेताना अडतात त्या बहुतेक इथेच: भारतातला पासपोर्ट नव्या नावाचा, तिकडची पदवी, बँक आणि वाहन परवाना जुन्या नावाचे. तिकडे राहून हे करायचं असेल तर आधी पासपोर्ट आणि मग त्या देशातले कागद, हा क्रम पाळावा.

प्रवास ठरलेला असेल तर पासपोर्टचा अर्ज परत आल्यावर करा. तिकीट एका नावाचं आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, अशी स्थिती प्रवासाच्या आधी आणू नये.

जे बदलत नाही

शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी आणि स्वतःचा जन्मदाखला लग्नामुळे बदलत नाहीत. बदलायचा प्रयत्नही करू नये. ते त्या काळाचे पुरावे आहेत आणि त्या काळी नाव मृणालच होतं. नोकरीच्या अर्जासोबत ही प्रमाणपत्रं लावताना राजपत्राची प्रत त्यांच्याच खाली लावायची.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. बाईची जात लग्नाने बदलत नाही, दाखला माहेरच्या कागदांवरून आणि वडिलांकडच्या पुराव्यांवरून निघतो. शक्य असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणी लग्नाआधीच करून घ्यावी. लग्नानंतर करायची वेळ आली तर राजपत्र व विवाहाचा दाखला जोडून, अर्जात दोन्ही नावं स्पष्ट लिहावीत. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीपर्यंत पोचून कागदपत्र पडताळणीत नावावरून अडणं फार जिवावर येतं.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लग्नं

सर्वात अवघड प्रकरणं नव्या नवरींची नसतात, त्यांच्या सासवांची असतात. समजा कुसुम दत्तात्रय गोखले, लग्न 1974 सालचं, सासरी सुनंदा माधव लेले. तेव्हा ना विवाह नोंदणी केली ना राजपत्र. आधार, पॅन, मतदारयादी सगळीकडे सुनंदा. कुसुम फक्त सातवीच्या दाखल्यावर आणि भावांच्या बोलण्यात. आणि मग वडील जातात. भाऊ वारस नोंदीचा अर्ज देतात, त्यात बहीण म्हणून ‘कुसुम’ लिहितात, सातबाऱ्यावर कुसुम चढते. दहा वर्षांनी जमीन विकायची ठरते किंवा हक्कसोडपत्र करायचं ठरतं, तेव्हा दुय्यम निबंधकापुढे सुनंदाबाई आधार घेऊन उभ्या, आणि कागदावर कुसुम. माझ्याकडे येणाऱ्या नावबदलाच्या कामांत यासारखी किचकट कामं कुठलीच नाहीत.

हे सोडवायचं कसं? दोघंही हयात असतील तर विवाह नोंदणी आजही करता येते, उशिराचं शुल्क भरून. लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो असेल तर तो जोडावा. मग राजपत्रात सूचना: जुनं नाव कुसुम दत्तात्रय गोखले, नवं नाव सुनंदा माधव लेले, कारण विवाह. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. त्यात भावाचंही प्रतिज्ञापत्र जोडलं तर जोर येतो, कारण ज्याचा हितसंबंध उलट बाजूला असू शकतो तोच ‘ही माझी सख्खी बहीण’ म्हणतोय. नवरा हयात नसेल तर विवाह नोंदणीचा रस्ता बंद होतो. मग राजपत्र, प्रतिज्ञापत्रं, शाळेचा दाखला आणि गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब यांवर भिस्त.

हे सगळं घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, सातबाऱ्यावरच्या नावात दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. फेरफाराची नोंद लिहिली जात असताना मजकूर वाचून घ्या. ‘कुसुम ऐवजी सुनंदा’ एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस विचारेल की ही दुसरी वारस आहे का. ‘सुनंदा माधव लेले (माहेरचे नाव कुसुम दत्तात्रय गोखले)’ असं पूर्ण लिहून घ्यावं.

वारस नोंद अजून व्हायची असेल तर काम खूपच सोपं आहे. अर्ज भावांनी दिला तरी बहिणींची नावं पहिल्यापासूनच अशी दुहेरी लिहायला सांगा. महाराष्ट्रात विवाहित बाईला मालमत्तेच्या कागदांत लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही दिलेली आहे, तेव्हा एखाद्या बहिणीचे सगळे कागद माहेरच्याच नावाचे असतील तर तिची नोंद तशीच होऊ द्यावी. अर्ज देण्याआधी प्रत्येक बहिणीच्या आधारची झेरॉक्स मागवून घ्या आणि अर्जातलं नाव त्यावरून उतरवा. भावाला आठवतं ते नाव साधारणपणे लग्नाआधीचंच असतं.